रोटाव्हेटरच्या गिअर बॉक्सचे तेल : नवख्यासाठी कामाचा कागद



खोडवा मोडला की रोटाव्हेटरला उसंत नसते. त्याच्या गिअर बॉक्सचे तेल बदलणे हे जुन्या मिस्त्रीला हातचा मळ. पण ऐन हंगामात मिस्त्री सापडत नाही आणि काम नव्या पोराच्या अंगावर पडते. त्याला नुसते "तेल बदलून टाक" म्हटले, तर तो रोटाव्हेटर उचलून सरळ खाली शिरेल. हायड्रॉलिकवर अधांतरी धरलेले ते धूड लिव्हरला धक्का लागला किंवा सील गेले तरी खाली येते. म्हणून मिस्त्रीच्या हाताला जे कळते ते क्रमाने कागदावर उतरवले पाहिजे.

कागद लिहिताना तीन गोष्टी पाळाव्यात. एका ओळीत एकच टप्पा लिहावा. धोक्याची सूचना त्या कृतीच्या आधी यावी, नंतर नव्हे. आणि टप्पा पुरा झाला हे कशावरून ओळखायचे, ती खूण द्यावी. नमुना असा :

१. ट्रॅक्टर सपाट जागी लावा. तेल गार असेल तर रोटाव्हेटर जमिनीपासून किंचित उचलून ५ ते १० मिनिटे फिरवा. त्या वेळी जवळ कोणी नको. कोमट तेल गाळासकट निघते.

२. पीटीओ सोडवा, इंजिन बंद करा, हँडब्रेक लावा. चावी काम करणाऱ्याच्याच खिशात राहील. पाती पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नका.

३. दोन्ही टोकांना बाजूने भक्कम लाकडी ठोकळे सरकवा, अंग खाली नेऊ नका. लिव्हर पूर्ण खाली करा. सगळा भार ठोकळ्यांवर आला आणि रोटाव्हेटर हलत नाही, ही खूण. मगच पीटीओ शाफ्ट काढा.

४. बुचांभोवतीची माती पुसा आणि आधी वरचे, तेल भरायचे बूच उघडा. ते निघालेच नाही तर इथेच थांबा. खालून तेल सोडून बसलात आणि वरून भरता येईना, तर यंत्र अडकून पडेल.

५. मापाचा डबा ठेवून खालचे बूच सोडा. शेवटचे आटे सुटताना तोंड बाजूला धरा. धार संपून थेंब पडू लागले की झाले.

६. बूच पुसा, वॉशर नवा घाला. आटे आधी हाताने बसवा, मग पान्याने आवळा. पान्याला पाइप लावू नका, आटे जातात.

७. पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घाला. पुष्कळ रोटाव्हेटरना ९० नंबरचे ईपी लागते. लेव्हलच्या बुचातून तेल ओघळू लागले की थांबा. १० मिनिटांनी पुन्हा पाहा. जास्त भरले तर तेल फेसाळते, तापते आणि सीलमधून बाहेर येते.

८. बुचे बसवा, शाफ्ट व त्याचे गार्ड जोडा, रोटाव्हेटर उचलून ठोकळे काढा. ५ मिनिटे फिरवा. मग जमिनीवर टेकवून इंजिन बंद करा, चावी खिशात घाला आणि गळती पाहा.

बाजूच्या गिअर किंवा चेनच्या पेटीचे तेल वेगळे असते. त्याचा कागद वेगळा करावा.

निघालेल्या तेलाकडे नीट पाहण्याची ओळही कागदात हवी. बुचाला करडी, मऊ चिकटण असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारा कण किंवा चकती दिसली तर दात किंवा बेअरिंग तुटते आहे; नवे तेल घालून गप्प बसू नये, मिस्त्रीला बोलवावे. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरले. सील आणि हवा सोडणारी टोपी तपासावी.

डबा मापाचा का, तेही सांगतो. समजा, पुस्तिकेत २ लिटर लिहिले आहे आणि डब्यात दीडच लिटर आले. मग अर्धा लिटर कुठे गेले? बाहेरून गिअर बॉक्स ओला असेल तर सील गळते आहे. बाहेर कोरडा असेल तर मागच्या वेळी कमी भरले असावे, किंवा तेल आतल्या सीलमधून बाजूला जात असावे. मोजलेच नाही, तर हा प्रश्नच पडत नाही, आणि पुढच्या वेळी गिअर कोरडे पडून जळतात. म्हणून कागदाच्या शेवटी तारीख, यंत्राचे तास, निघालेले आणि घातलेले तेल यांना जागा ठेवावी. जुने तेल पाटात किंवा बांधावर ओतू नये. झाकणाच्या डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्याला द्यावे.

कागद तयार झाला की ज्याने हे काम कधी केले नाही, त्याच्या हाती द्यावा आणि मिस्त्रीने शेजारी गप्प उभे राहावे. पोरगा जिथे थबकेल किंवा "आता काय?" म्हणून वर पाहील, तिथे एक ओळ कमी आहे असे समजावे. मात्र तो धोक्याच्या जागी हात घालू लागला तर लगेच थांबवावे आणि ती सूचना आणखी वर घ्यावी. अशा दोन फेऱ्यांनंतर उरलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून अवजारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा.