१/४ मोठा की १/३?

डी.एल.एड.च्या स्लाइड्समध्ये पियाजे आणि व्हायगॉट्स्की शेजारी-शेजारी दोन रकान्यांत असतात. पाठ होतात, कळत नाहीत. त्यापेक्षा चौथीतलं एक उत्तर घ्या: "१/४ मोठा, कारण ४ मोठा."

पियाजेच्या नजरेतून मूल मूर्त क्रियात्मक अवस्थेत आहे, साधारण ७ ते ११ वर्षांचं. त्याला सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या द्या. एकीचे तीन, दुसरीचे चार समान भाग घडी घालून करू द्या. एकेक भाग शेजारी ठेवला की त्याचंच उत्तर त्याला खटकतं. पट्ट्या मात्र सारख्याच हव्यात, नाहीतर सगळं फसतं!

व्हायगॉट्स्की म्हणेल, संवाद हवा. "एक भाकरी तिघांत वाटली तर वाटा मोठा, की चौघांत?" मूल चटकन "तिघांत" म्हणतं. मग हाच वाटा आकड्यांत लिहायला लावायचा आणि हळूहळू प्रश्न कमी करायचे. (या आधाराला 'स्कॅफोल्डिंग' हे नाव वुड, ब्रुनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये दिलं, स्लाइड्स ते व्हायगॉट्स्कीच्या नावावर खपवतात.)

माझं मत: आधी पट्टी, मग प्रश्न. शेवटी पट्टीशिवाय १/७ आणि १/९ विचारा, कारणासकट. नुसतं उत्तर बरोबर आलं तर "छोटा छेद म्हणजे मोठा अपूर्णांक" एवढंच पाठ झालेलं असू शकतं. २/३ आणि ४/५ दिले की ते लगेच उघडं पडतं.