दहा टक्के, कमाल पन्नास

२०१४ साली पेटीएमचे वॉलेट आले आणि मोबाइल रिचार्जसोबत प्रोमो कोड टाकायची सवय लागली. त्या काळचा हिशेब सोपा होता. रिचार्ज यशस्वी झाला की ठरलेली रक्कम वॉलेटमध्ये जमा व्हायची आणि ती पुढच्या कुठल्याही रिचार्जला वापरता यायची.

नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर वॉलेटे भाजीवाल्यापर्यंत पोचली, तसा कॅशबॅकचा खर्च वाढला आणि अटीही वाढल्या. मोबिक्विकचे ‘सुपरकॅश’ हे त्याचे ठळक उदाहरण. ते ॲपमध्ये रुपयांसारखेच दिसे, पण एका व्यवहारात बिलाचा ठरावीक हिस्साच त्यातून भागे. शिल्लक आता दोन खात्यांत विभागली गेली: ग्राहकाने भरलेले पैसे एकीकडे, कंपनीने दिलेले दुसरीकडे.

हिशेबाची खरी गुंतागुंत मात्र मर्यादांमध्ये आहे. समजा, सवलत अशी आहे: किमान ३०० रुपयांच्या खरेदीवर १० टक्के, कमाल ५० रुपये. ग्राहकाने ३८० आणि २६० रुपयांच्या दोन वस्तू घेतल्या. बिल ६४० रुपये, दहा टक्के म्हणजे ६४, पण जमा होतात ५०. आता ३८० ची वस्तू परत केली, तर उरलेली खरेदी २६० रुपयांची. किमान अट मोडली, म्हणून अनेक योजनांत पूर्ण ५० रुपये कापून परताव्याचे ३३० रुपयेच हाती येतात. ही कापाकापी टाळण्यासाठीच बऱ्याच ठिकाणी परतीची मुदत संपेपर्यंत कॅशबॅक ‘पेंडिंग’ दिसतो. पैसे कमी आल्यासारखे वाटले, तर वॉलेटच्या पासबुकात परतावा आणि कॅशबॅक यांच्या नोंदी वेगवेगळ्या पाहाव्यात. एकूण शिलकीवरून काहीच कळत नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये गुगलच्या ‘तेज’ने वेगळी वाट काढली. स्क्रॅच कार्डातून निघालेली रक्कम थेट बँक खात्यात येऊ लागली. टक्केवारी गेली, नशीब आले. आपल्याला किती मिळणार हे आधी कळण्याचा ग्राहकाचा हक्क तिथे हरवला. तमिळनाडूत तर ही कार्डे दिलीच जात नव्हती.

हे पैसे येतात कुठून, हा प्रश्न जानेवारी २०२० पासून जास्त टोकदार झाला. बँक खात्यातून केलेल्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेणे तेव्हा बंद झाले. कॅशबॅकला पोसणारा एक झराच आटला, आणि रोख रकमेऐवजी पॉइंट व ब्रँडची कूपने वाढली. एप्रिल २०२३ पासून वॉलेटमधून यूपीआयने केलेल्या २,००० रुपयांवरच्या दुकानातील व्यवहारावर १.१ टक्क्यांपर्यंत शुल्क लागू झाले. ते ग्राहकाला भरावे लागत नाही.

३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले. १५ मार्चनंतर वॉलेटमध्ये पैसे भरणे बंद झाले, पण व्याज, परतावा आणि कॅशबॅक कधीही जमा करता येतील, असे त्या आदेशातच म्हटले होते.