बाजारभाव ॲप: पहिले ५०० शेतकरी आणि महिन्याचा खर्च

महिन्याला १३,१०० रुपये. भंडारा जिल्ह्यात ५०० शेतकऱ्यांसाठी बाजारभावाचे ॲप चालवायचे, तर एवढा खर्च धरावा लागेल. ॲप बनवण्याचा खर्च यात नाही आणि आकडे अंदाजाचे आहेत. तरी गुंतवणूकदाराने पैसे लावण्याआधी याच हिशेबातून जावे.

भंडारा, तुमसर आणि पवनी इथल्या लिलावाचे दर टिपायला प्रत्येकी एक माणूस, प्रत्येकी ३,००० रुपये: ९,०००. सर्व्हरचे १,५००. महिन्याचे २६ दिवस ५०० जणांना एकेक एसएमएस, २० पैसे दराने: २,६००. एसएमएस मराठीत असेल तर ७० चिन्हांतच बसवावा लागतो. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. मजकूर थोडा लांबला की एकाचे दोन एसएमएस होतात आणि २,६०० चे ५,२००.

शेतकरी २,००० झाले तरी दर टिपणारे तिघेच राहतात. वाढतो तो एसएमएसचा खर्च. एकूण २०,९०० होतात, पण दरडोई खर्च २६ रुपये २० पैशांवरून साडेदहाच्या आत येतो. सरकारी ॲगमार्कनेटवरचे दर फुकट मिळत असताना माणसे कशाला? कारण भाजीचा लिलाव सकाळीच उरकतो आणि उद्या तोडा करायचा की नाही हे दुपारीच ठरवावे लागते. ॲगमार्कनेटवर दर उशिरा आला, तर तो निर्णय होऊन गेलेला असतो.

मग पहिले ५०० कोण? जिल्हा धानाचा, म्हणून धानवाले घ्यावेत असे वाटते. पण धान वर्षातून एकदा-दोनदाच विकले जाते आणि त्याला आधारभूत किंमत आहे. २०२५-२६ साठी साधारण धानाची २,३६९ रुपये क्विंटल. रोज दर पाहण्याची गरज भाजीवाल्याला असते. वांग्याचा तोडा तीन-चार दिवसांनी होतो. समजा, दोन क्विंटल वांगी आहेत आणि दूरच्या बाजारात क्विंटलमागे १५० रुपये जास्त मिळतात. वरचे ३०० आले, जादा भाडे १८० गेले, हाती १२० राहिले. फरक ९० रुपयांवर आला की हा फायदा संपतो. म्हणून ॲपने दरासोबत भाडेही दाखवायला हवे.

नुसता दर कळून भागत नाही, हे महाराष्ट्रात तपासले गेले आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या रॉयटर्स मार्केट लाइटच्या एसएमएस सेवेची फाफशां आणि मिंटेन यांनी १०० गावांत चाचणी घेतली. २०१२ च्या त्यांच्या निबंधानुसार शेतकऱ्यांना मिळालेल्या सरासरी दरात ठळक फरक पडला नाही.

म्हणून किती जणांनी ॲप उतरवून घेतले हा आकडा मागू नये. पहिल्या आठवड्यात आलेल्या १०० जणांपैकी आठव्या आठवड्यात तोड्याच्या आदल्या दिवशी किती जण दर पाहतात आणि त्यातल्या किती जणांनी बाजार किंवा दिवस बदलला, हे विचारावे. तीन महिन्यांच्या खर्चाचे ३९,३०० रुपये एवढ्या उत्तरासाठी द्यावेत. बाजार बदलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले, तर चौथ्या महिन्याचे पैसे देऊ नयेत.