बल्बमधून परत येणारी धारा

टॉर्चचा एक सेल, एक छोटा बल्ब आणि वायरचा वीतभर एकच तुकडा. एवढ्यावर बल्ब लावून दाखवा म्हटलं, की बरीच मुलं वायरचं एक टोक सेलच्या टोपीला लावतात, दुसरं बल्बच्या बुडाला, आणि वाट बघतात. यात त्यांचा दोष नाही. मिक्सरला बाहेरून एकच वायर जाताना दिसते. तिच्या आत किमान दोन वेगळ्या तारा असतात, हे त्यांना कुणी सोलून दाखवलेलं नसतं. १९९७ च्या एका अमेरिकी माहितीपटात एमआयटीचे नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थीही याच कोड्याशी अडखळताना दिसतात.

अशा वेळी उत्तर सांगू नये, हातात उडालेला बल्ब द्यावा. आतल्या तारेचं एक टोक बुडाच्या ठिपक्याला जोडलेलं असतं, दुसरं बाजूच्या धातूच्या कडीला, आणि मध्ये वीज न वाहू देणारा थर असतो. हे नीट पाहिलं की मुलं स्वतःच बल्बचा ठिपका सेलच्या टोपीवर टेकवतात आणि वायरने सेलचं बूड कडीला जोडतात. बल्ब पेटतो. (वायर चुकून सेलच्या दोन्ही टोकांना थेट लागली तर ती तापते, लगेच काढायला सांगावं.)

खरी अवघड समजूत यानंतर दिसते. बल्बच्या अलीकडे धारा जास्त की पलीकडे, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर असतं: अलीकडे जास्त, कारण बल्बने थोडी वापरली. आधी हा अंदाज वहीत लिहून घ्यावा, मग अमीटर एकदा बल्बच्या या बाजूला आणि एकदा त्या बाजूला जोडावा. एका बाजूला ०.२ अँपिअर दिसले तर दुसऱ्या बाजूलाही तेवढेच दिसतात.

मग सेल संपतो कसा? हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. गोंधळाचं एक मूळ आपल्या बोलण्यात आहे. ‘वीज वापरली’ म्हणताना आपण धारा आणि ऊर्जा एकाच शब्दात गुंडाळतो. वीजबिलातले युनिट ऊर्जेचे असतात. सायकलची साखळी जितकी पुढे जाते तितकीच मागे येते, ती खर्च होत नाही. दमतात ते पाय. सेलमधली रासायनिक ऊर्जा तशीच उतरते.

आता एकामागोमाग एक असे दोन बल्ब जोडावेत. दोन्ही सारखेच मंद पेटले, तर ‘पहिला जास्त खातो’ ही समजूत डगमगते. पण इथे फसगत होऊ शकते. बाजारातले दोन बल्ब क्वचितच अगदी सारखे असतात, आणि नेमका पहिला थोडा जास्त उजळला, तर चुकीचं मत पक्कं होतं. म्हणून दोघांच्या जागा बदलाव्यात. उजळ बल्ब दुसऱ्या जागी गेला तरी उजळच राहतो, आणि आधीचा अंदाज पुन्हा वाचण्यासाठी मुलं आपण होऊन वही उघडतात.