"जाहिरात कुठे पाहिलीत?" हे कधी विचारायचं?

पार्ल्यातल्या दुकानदारांनो, काउंटरवरच्या मुलांना एवढं नक्की शिकवा.

साडीच्या दुकानात फोन येतो, "पैठणी आहे का?" आधी उत्तर द्या: "हो ताई, आहे. कोणता रंग हवाय?" किंमत, वेळ सांगून झाली की मग विचारा, "आमची जाहिरात कुठे पाहिलीत?" सुरुवातीलाच विचारलं तर उलटतपासणी वाटते.

"पेपरात" म्हणाल्या तर छापील जाहिरात की आत घातलेलं पत्रक, हेही विचारा. दोन्हींचा खर्च वेगळा असतो. फोन ठेवताच वहीत लिहा: "पत्रक, पैठणी, शनिवारी येणार". आठवत नसेल तर "माहीत नाही" लिहा, अंदाज नकोच.

शनिवारी त्या आल्या की नवी नोंद करू नका, त्याच ओळीपुढे "खरेदी केली" लिहा. नाहीतर त्या ताई रस्त्यावरून आलेलं गिऱ्हाईक ठरतात आणि चाललेलं पत्रक मालक बंद करतो.