साठ नंबरचं वेटिंग आणि चार्ट लागेपर्यंतचा प्रवास

समजा, कोकणकन्या एक्स्प्रेसचं मुंबई ते मडगाव असं स्लीपरचं एक तिकीट काढलं आणि त्यावर आलं `GNWL 60/WL 24`. साठ आकडा बघून बरेच जण तिथेच आशा सोडतात. तिकीट काढताना साठावा नंबर मिळाला ही नोंद आहे आणि ती शेवटपर्यंत तशीच राहते. बघायचा तो दुसरा आकडा. तुमच्या आधी नंबर घेतलेल्यांपैकी छत्तीस जणांची जागा तिकीट काढण्याच्या आधीच निघून गेली आहे, त्यामुळे तुम्ही आज रांगेत चोविसावे आहात.

ही रांग वेटिंगवाल्यांपुरती नसते. तिच्या पुढे आरएसीवाले असतात आणि त्यांच्या पुढे कन्फर्म बर्थवाले. आरएसी म्हणजे गाडीत चढण्याचा हक्क आणि बसायची जागा पक्की, झोपायची मात्र नाही. साइड लोअर बर्थ दोघांना अर्धा-अर्धा दिला जातो. दोघांनीही पूर्ण भाडं भरलेलं असतं.

आता पुढच्या कुणीही तिकीट रद्द केलं की साखळी हलते. कन्फर्म प्रवासी गळला, तर आरएसीतल्या पहिल्याला पूर्ण बर्थ मिळतो, बाकीचे आरएसीवाले एकेक पाऊल पुढे जातात आणि वेटिंगमधला पहिला आरएसीत शिरतो. आरएसीतला किंवा तुमच्या पुढचा वेटिंगवाला गळला तरी तुम्ही एकानेच पुढे सरकता. तुमच्या मागच्यांनी कितीही तिकिटं रद्द केली तरी तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही. आपल्या उदाहरणात आरएसीच्या वीस जागा आहेत असं धरू. मग चोवीस रद्द झाली की तुम्ही आरएसीत शेवटचे, म्हणजे विसावे. पूर्ण बर्थ हवा असेल तर आणखी वीस, एकूण चव्वेचाळीस. ‘चोवीसच तर आहे, कन्फर्म होईल’ असं म्हणणाऱ्यांच्या हिशेबातून हे वीस नेहमी सुटतात.

दुसरी गोष्ट, रांगा अनेक असतात. `GNWL` ही मुख्य रांग. गाडी सुटते तिथून किंवा जवळपासून लांबचा प्रवास करणाऱ्यांची, आणि सर्वांत जास्त हलणारी. मधल्या ठरावीक स्टेशनांना वेगळा कोटा असतो, त्याची रांग `RLWL`. त्या कोट्यात बर्थच थोडे, म्हणून रद्द होणारी तिकिटंही थोडी. माझ्या मते `RLWL` मधल्या दहापेक्षा `GNWL` मधले तीस बरे. तत्काळची रांग `TQWL`. तिच्यात आरएसीचा टप्पा नसतो, थेट कन्फर्म किंवा वेटिंगच, आणि चार्टच्या वेळी सामान्य वेटिंगला तिच्याआधी प्राधान्य मिळतं.

रांग सर्वांत मोठी उडी घेते ती चार्ट तयार होताना. रेल्वेने आणीबाणीसाठी, महिलांसाठी आणि इतर कारणांसाठी काही बर्थ बाजूला ठेवलेले असतात. त्यांतले जे वापरले गेले नाहीत ते त्या क्षणी रांगेत सोडले जातात. म्हणूनच सकाळपर्यंत नऊवर अडकलेलं वेटिंग दुपारी एकदम कन्फर्म झालेलं दिसतं. गणपतीत किंवा मे महिन्यात हा भरवसा धरू नये, कारण तेव्हा राखीव बर्थनाही मागणी असते आणि सोडायला फारसं उरत नाही.

पूर्वी पहिला चार्ट गाडी सुटण्याच्या चारेक तास आधी लागायचा. 2025 मध्ये ही वेळ बरीच अलीकडे आणली गेली. सकाळच्या गाड्यांचा चार्ट आता आदल्या दिवशीच लागतो, रात्री सुटणाऱ्या कोकणकन्येचा त्याच दिवशी दुपारी. वेटिंगवाल्याला दुसरी सोय बघायला यामुळे खरोखर वेळ मिळतो.

चार्ट लागल्यावरही ऑनलाइन तिकिटावरचे सगळे प्रवासी वेटिंगमध्येच राहिले, तर ते तिकीट आपोआप रद्द होतं आणि थोडी रक्कम कापून पैसे खात्यात परत येतात. त्या तिकिटावर गाडीत चढणं म्हणजे विनातिकीट प्रवास. एकाच पीएनआरवर एक जण कन्फर्म आणि बाकीचे वेटिंगमध्ये असतील, तर तिकीट आपोआप रद्द होत नाही. अशा वेळी सगळ्यांनी जायचं की नाही हे तुम्हालाच ठरवावं लागतं. खिडकीवर काढलेलं वेटिंगचं तिकीट आपोआप रद्द होत नाही. ते गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत तुम्हीच रद्द करायचं. ते हातात असलं तरी आरक्षित डब्यात बसता येत नाही, जनरल डब्यातच जावं लागतं.

आरएसीवाल्याची रांग मात्र गाडीतही चालू असते. कन्फर्म प्रवासी चढलाच नाही, तर त्याचा बर्थ आधी आरएसीवाल्यांना नंबराप्रमाणे द्यायचा असतो. टीसी तुमच्या डब्यात आले की आपला आरएसी नंबर सांगून रिकाम्या बर्थबद्दल विचारा, आणि ते येतील तेव्हा आपल्या जागेवर असा.