नाक मोकळं होतं की मोकळं वाटतं?

गेल्या आठवड्यात सर्दीने बेजार झालो होतो, तेव्हा एक उद्योग करून पाहिला. फडताळातलं स्टीलचं गार ताट काढलं, नाकाखाली आडवं धरलं आणि तोंड मिटून श्वास सोडला. ताटावर वाफेचे दोन डाग उमटले. उजवीकडचा तळहाताएवढा, डावीकडचा जेमतेम सुपारीएवढा. म्हणजे डावी नाकपुडी जवळजवळ बंद. मग कुळथाचं कढण प्यायलो. कुळीथ शिजवून गाळलेलं पाणी, त्यात दोन आमसुलं, वर तुपात जिरं-लसणाची फोडणी आणि चार मिरे ठेचून. वाटी संपली तेव्हा डोकं हलकं झालं होतं, घसा शांत झाला होता आणि नाक चक्क सुटलंय असं वाटत होतं. पुन्हा ताट धरलं, तर डावा डाग होता तेवढाच, सुपारीएवढा.

एका माणसाच्या एका ताटाला पुरावा म्हणत नाहीत, हे मलाही कळतं. शिवाय आपल्या दोन नाकपुड्या निरोगी असतानाही काही तासांनी आळीपाळीने मोकळ्या-बंद होत असतात, त्यामुळे डाग बदलला असता तरी श्रेय कढणाला देता आलं नसतं. पण हाच प्रश्न प्रयोगशाळेत नीट मोजला गेला आहे, आणि उत्तर माझ्या ताटाशी जुळतं.

ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. तिथल्या सानू आणि एकल्स या संशोधकांनी 2008 साली सर्दी-फ्लूच्या 30 रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सफरचंद आणि काळ्या मनुक्यासारख्या ब्लॅककरंट या फळाचं सरबत काहींना गरम करून दिलं, काहींना खोलीच्या तापमानाचं. पेय एकच, फरक फक्त उष्णतेचा. मग नाकातून हवा किती जाते ते यंत्राने मोजलं आणि बरं किती वाटतं ते रुग्णांना विचारलं. यंत्राच्या मते गरम पेयाने नाकातली हवेची वाट रुंदावली नाही. रुग्णांच्या मते मात्र वाहतं नाक, खोकला, शिंका, घशाची खवखव, अंगातली हुडहुडी आणि थकवा या सगळ्यांत लगेच आणि टिकून राहणारा आराम पडला. थंड न केलेल्या, साध्या सरबतानेही नाकाचं वाहणं, खोकला आणि शिंका कमी झाल्या, पण घसा, हुडहुडी आणि थकवा यांना हात लागला तो गरम पेल्याचाच.

यंत्र आणि माणूस यांच्यात अशी तफावत का पडावी? नाक चोंदतं ते मुख्यतः शेंबडाने नव्हे. नाकाच्या आत मांसल घड्या असतात, त्यांतल्या रक्तवाहिन्या सर्दीत फुगतात आणि वाट अरुंद करतात. म्हणूनच कितीही शिंकरलं तरी नाक सुटत नाही. घोटभर गरम पाण्याने ही सूज ओसरत नाही. पण 'श्वास मोकळा आहे' ही जाणीव वेगळ्या वाटेने येते. आत जाणारी हवा नाकाच्या अस्तराला गार करते, तो गारवा मज्जातंतू टिपतात आणि मेंदू त्यावरून ठरवतो. मेंथॉलचा वास घेतल्यावर नाक उघडल्यासारखं वाटतं ते याच कारणाने. मेंथॉल थंडीचे तंतू चाळवतं, सूज तिथेच असते. गरम पेयाच्या बाबतीत कार्डिफच्या संशोधकांचा भर चव, लाळ आणि स्राव यांवर होता. गोड-आंबट-तिखट चवीने तोंडात लाळ सुटते, घसा-नाकातला ओलावा वाढतो, कोरडी खवखव शमते. अर्थात गरम पेला हातात आहे हे रुग्णाला कळतंच, ते लपवता येत नाही. त्यामुळे 'आता बरं वाटणार' या अपेक्षेचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. मला विचाराल तर सर्दीत तो वाटा नाकारायचं कारण नाही. सर्दी आपणहून बरी व्हायची असते, मधले दिवस सुसह्य करणं एवढंच हाती असतं.

तरी एक गोष्ट यंत्रालाही दिसली आहे. अमेरिकेत मायामी बीचमधल्या डॉक्टरांनी 1978 साली 15 निरोगी माणसांच्या नाकातला चिकट थर किती वेगाने पुढे सरकतो ते मोजलं. हा थर धूळ-जंतू गोळा करून घशाकडे वाहून नेतो. गरम पाणी घोटघोट प्यायल्यावर पाच मिनिटांनी त्याचा वेग मिनिटाला 6.2 मिलिमीटरवरून 8.4 वर गेला, चिकन सूपने 6.9 वरून 9.2 वर. थंड पाण्याने तो उलट 7.3 वरून 4.5 वर उतरला. गंमत अशी, की तेच गरम पाणी स्ट्रॉने प्यायल्यावर हा फायदा दिसला नाही. म्हणजे काम पोटात गेलेल्या पाण्याचं नव्हतं, नाकात शिरलेल्या वाफेचं होतं. सूप मात्र स्ट्रॉनेही थोडं चाललं, तेव्हा त्याच्या वासा-चवीतही काहीतरी असावं असा त्यांचा तर्क. आणि या प्रयोगातही नाकातल्या हवेचा अडथळा बदलला नाही. गरम पेयांनी वाढलेला वेग अर्ध्या तासात पूर्वपदावर आला.

यातून स्वयंपाकघरापुरतं जे निघतं ते साधं आहे. सर्दीत झाकणाच्या बाटलीतून गरम पाणी ओढण्यापेक्षा पसरट वाटीतून, नाक वाफेत ठेवून, फुंकर घालत प्यावं. परिणाम अर्ध्या तासाचा, म्हणून एकदाच तांब्याभर पिण्यापेक्षा दिवसात चार-पाच वेळा थोडं थोडं बरं. कोंबडीचं सूप, पायाचं सूप, टोमॅटोचं सार, गवती चहा यांत फार डावं-उजवं करू नये. चिकन सूपचा सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशींवर परिणाम होतो असं नेब्रास्कातल्या संशोधकांनी 2000 साली दाखवलं खरं, पण ते काचेच्या भांड्यातल्या पेशींवर, आजारी माणसावर नव्हे. त्यांना कोंबडीप्रमाणे सुपातल्या भाज्यांतही हा गुण सापडला होता, हे शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं. मिरे-मिरचीने नाकातून पाणी येतं, त्याने घट्ट शेंबूड पातळ होऊन शिंकरणं सोपं जातं. नाक आधीच नळासारखं वाहत असेल तर मात्र मिरे कमीच बरे.

'कडकडीत' पिण्याचा हट्ट तेवढा सोडावा. 65 अंशांच्या वर तापलेली पेयं नेहमी पिणं अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने बहुधा धोक्याचं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये म्हटलं. घोट घेताना जीभ मागे खेचावी लागत असेल तर वाटी आणखी पाच मिनिटं ठेवून द्यावी. आणि मुलांना उकळत्या पातेल्यावर वाकवून वाफ देऊ नये. त्याने सर्दी लवकर बरी होते याचा भक्कम पुरावा नाही, पातेलं कलंडून भाजलेली मुलं मात्र इस्पितळात येतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या काढ्यात मध घालू नये, हेही त्यातच आलं. दहा दिवसांनीही नाक सुटलं नाही, ताप चढला किंवा धाप लागली तर कढणावर विसंबू नये, डॉक्टर गाठावा.

माझा डावा डाग चौथ्या दिवशी उजव्याइतका झाला. त्या दिवशी सकाळपासून मी कढण प्यायलोच नव्हतो, कुळीथ संपले होते.